तिघींच्या रिपोर्टवर एकच शब्द

एका घरातल्या तिघींचे सोनोग्राफीचे रिपोर्ट टेबलावर ठेवले आहेत असं समजा. थोरली बहीण ३१ वर्षांची, धाकटी २४ची आणि शिकायला त्यांच्याकडे राहिलेली मामेबहीण १६ची. तिन्ही कागदांवर शेवटच्या ओळीत तेच लिहिलंय: पॉलिसिस्टिक ओव्हरीज. घरात याला ‘पीसीओडी’ म्हणतात, आजी ‘गाठी’ म्हणते आणि तिघींनाही एकच सल्ला मिळालाय, वजन कमी करा. या तिघी मी रचलेल्या आहेत, पण त्यांचे आकडे आणि अडचणी कोणत्याही स्त्रीरोगतज्ज्ञाच्या ओपीडीत रोज दिसतात तशाच आहेत. आणि मला जे सांगायचंय ते एवढंच, की या तीन कागदांवरचा शब्द एक असला तरी तिघींची गोष्ट एक नाही. एकीला मधुमेहाचा धोका दाराशी आलाय, दुसरीला तो फारसा नाही, आणि तिसरीला मुळात हा आजारच नाही.

आधी त्या ‘गाठी’चं. बीजांडकोशात दर महिन्याला अनेक बीजपुटिका, म्हणजे बीज वाढवणाऱ्या पाण्याच्या इवल्या पिशव्या, वाढायला लागतात. त्यांतली एक पुढे जाते, फुटते आणि बीज बाहेर पडतं. पुढे जाणारी ती एक ठरलीच नाही, तर बाकीच्या सगळ्या अर्ध्या वाटेवर थबकतात. सोनोग्राफीत त्या काठाकाठाने डाळिंबाच्या दाण्यांसारख्या दिसतात, प्रत्येक २ ते ९ मिलिमीटरची. म्हणजे या गाठीही नाहीत आणि त्यांचं ऑपरेशन करून काढून टाकण्यासारखंही काही नाही. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांमध्ये असे मोठे झालेले बीजांडकोश, चुकणारी पाळी आणि अंगावर वाढलेले केस यांची सांगड घातली आणि आजाराला बीजांडकोशावरून नाव पडलं. तेच नाव आजवर घोळ घालतंय. कारण आजाराची मुळं बीजांडकोशाबाहेरही आहेत, आणि नुसते असे बीजांडकोश पुष्कळ निरोगी तरुणींनाही असतात.

मग निदान कशावर करायचं? १९९० साली अमेरिकेत तज्ज्ञांची एक बैठक झाली. तिथे ठरलं ते असं: पाळी लांबत असेल आणि शरीरात पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण असेल, तर हा आजार. सोनोग्राफीचा त्यात पत्ताच नव्हता. २००३ साली हॉलंडमधल्या रॉटरडॅमला दुसरी बैठक झाली, तिने सोनोग्राफी हा तिसरा निकष जोडला आणि तिघांपैकी कोणतेही दोन पुरे म्हटलं. या ‘कोणतेही दोन’मुळे आजाराचं दार एकदम रुंद झालं. पाळी लांबते आणि सोनोग्राफीत पुटिका दिसतात, पण पुरुषी हार्मोनची एकही खूण नाही, अशी मुलगीही आत आली. २००६मध्ये पुरुषी हार्मोनच्या अभ्यासकांच्या संस्थेने आग्रह धरला की ते हार्मोन वाढलेलं नसेल तर हे निदान करूच नये.

हा वाद फक्त परिषदांमधला नाही. मुंबईत परळला राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. तिच्या संशोधकांनी शहरातल्या १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी केली आणि २०१४ साली निष्कर्ष छापले. रॉटरडॅमची पट्टी लावली तर २२.५ टक्के मुलींना हा आजार होता, २००६ची पट्टी लावली तर त्याच मुलींमध्ये १०.७ टक्क्यांना. पट्टी बदलली आणि निम्म्याहून अधिक जणी आजारातून बाहेर आल्या. शिवाय रॉटरडॅमच्या पट्टीत सापडलेल्यांपैकी दहातल्या सात जणी लठ्ठ नव्हत्या. ‘जाड मुलींना होणारा आजार’ हा समज मुंबईच्याच आकड्यांनी खोटा ठरवलाय.

आज जगभर रॉटरडॅमचीच पट्टी चालते, पण २०१२पासून तिच्यात एक शहाणी भर पडलीय. दोन निकष जुळले एवढंच न लिहिता कोणते दोन ते लिहायचं. त्यातून चार प्रकार होतात, त्यांना इंग्रजी पहिली चार अक्षरं दिली आहेत. ‘ए’मध्ये तिन्ही निकष असतात. ‘बी’मध्ये पुरुषी हार्मोन आणि लांबणारी पाळी, पण सोनोग्राफी साफ. ‘सी’मध्ये पुरुषी हार्मोन आणि सोनोग्राफी, पण पाळी वेळेवर. ‘डी’मध्ये लांबणारी पाळी आणि सोनोग्राफी, पण पुरुषी हार्मोनची खूण नाही. आपल्याकडच्या कागदांवर हे अक्षर क्वचितच लिहिलेलं असतं, आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगाची माहिती तीच आहे.

थोरलीपासून सुरुवात करू. तिची पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते, कधी शंभर दिवसही जातात. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ५६ किलो. डोळ्यांना ती बारीकच दिसते. डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना काहीच दिसलं नाही, कारण ती तपासणीला जायच्या आदल्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन आली होती. ‘हनुवटीचं थ्रेडिंग किती दिवसांनी करता?’ असं विचारल्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, दर आठ दिवसांनी. निदान तिथे झालं. वरचा ओठ, हनुवटी, छाती, पोट, पाठ, दंड, मांड्या अशा नऊ जागी दाट, काळे केस किती आहेत हे पाहून प्रत्येक जागेला शून्य ते चार गुण द्यायची पद्धत आहे. बेरीज चार ते सहाच्या पुढे गेली की केस जास्त मानतात. नेमकी रेघ वंशानुसार हलते, कारण चिनी-जपानी स्त्रियांच्या अंगावर मुळातच लव कमी आणि आपल्याकडे जास्त. म्हणूनच केस ‘आमच्या घरात सगळ्यांनाच आहेत’ म्हणून सोडून देऊ नयेत आणि ओठावरच्या साध्या लवेला घाबरूही नये.

रक्ततपासणीत थोरलीचं एकूण टेस्टोस्टेरॉन मर्यादेत आलं. इथे बरेच जण फसतात. हे हार्मोन रक्तात एका वाहक प्रथिनाला चिकटून फिरतं आणि चिकटलेलं असेपर्यंत त्याचा त्रास नसतो. त्रास देतं ते सुटं टेस्टोस्टेरॉन. थोरलीचं वाहक प्रथिन कमी होतं, त्यामुळे एकूण आकडा बरा दिसूनही सुटा भाग वाढलेला होता. आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पाळी नियमित करणाऱ्या गोळ्या चालू असताना ही तपासणी केली तर ती बिनकामाची, कारण त्या गोळ्या वाहक प्रथिन वाढवतात आणि आकडे खोटे दिसतात. गोळ्या बंद करून तीन महिने थांबावं लागतं. त्याचबरोबर थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि अधिवृक्क ग्रंथीच्या एका जन्मजात दोषाची चाचणी करून ते आजार बाजूला काढावे लागतात, कारण तेही असाच चेहरा घेऊन येतात.

थोरलीचं वाहक प्रथिन का घटलं? मानेच्या मागे तिची कातडी काळसर, मखमलीसारखी झाली होती. घरचे म्हणत, नीट घास. घासून जाणारा तो मळ नव्हता, ती इन्सुलिनची सही होती. इन्सुलिनचं काम स्नायूंमध्ये साखर पोहोचवायचं. काही स्त्रियांचे स्नायू त्याचं ऐकेनासे होतात, मग स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्सुलिन सोडून साखर ताब्यात ठेवतं. अडचण अशी की बहिरे होतात ते स्नायू. बीजांडकोशाला आणि कातडीला मात्र इन्सुलिन ऐकू येतच राहतं. त्यांच्या कानाशी आता कुणी ओरडल्यासारखं होतं. बीजांडकोशाच्या पेशी जादा इन्सुलिनने चेवून टेस्टोस्टेरॉन करतात, कातडी मानेवर आणि काखेत जाड होते, आणि यकृत वाहक प्रथिन बनवणं कमी करतं. तिन्ही खुणांमागे एकच कारण. टेस्टोस्टेरॉन वाढलं की पुटिका अर्ध्यावर थबकतात आणि पाळी लांबते. पोटावर चरबी साठायलाही ते हातभार लावतं, आणि ती चरबी स्नायूंना आणखी बहिरं करते. चक्र असं फिरत राहतं.

हे फक्त लठ्ठपणामुळे होतं असं डॉक्टर बराच काळ मानत होते. १९८९ साली अमेरिकेत आंद्रेआ दुनाएफ आणि सहकाऱ्यांनी वजन बरोबरीचं असलेल्या स्त्रियांची तुलना करून दाखवलं, की या आजारात इन्सुलिनचा बहिरेपणा लठ्ठपणाशिवायही असतो. लठ्ठपणा आला तर तो वाढतो, एवढंच. आणि ‘बारीक’ कुणाला म्हणायचं हाही आपल्याकडे वेगळा प्रश्न आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली दोघांचा एक फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. ते दोघे पुरुष होते, तरी गोष्ट आपल्या थोरलीला लागू पडते. तिचा निर्देशांक २३.३. युरोपात ही बाई सडपातळ गणली जाईल, पण आपल्याकडे जास्त वजनाची रेघ २३लाच ओढतात. तिच्या कंबरेचा घेर ८६ सेंटिमीटर भरला, दक्षिण आशियातल्या स्त्रियांसाठी मर्यादा ८० आहे. वजनकाट्याने जे लपवलं ते टेपने सांगितलं.

आता मुख्य तपासणी. थोरलीची उपाशीपोटीची साखर ९२ होती, म्हणजे नॉर्मल. बहुतेक ठिकाणी तपासणी इथेच संपते आणि बाई निर्धास्त घरी जाते. या आजारात पहिल्यांदा बिघडते ती जेवणानंतरची साखर, कारण जेवल्यावर साखर उचलायचं काम स्नायूंचं. रात्रभराच्या उपासात साखर मुख्यतः यकृत सांभाळतं, ते अजून शाबूत असतं. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं आणि दोन तासांनी रक्त घ्यायचं. थोरलीचा दोन तासांचा आकडा १६४ आला. १४०च्या आत हवा, २००ला मधुमेह. ती मधल्या पायरीवर उभी आहे आणि उपाशीपोटीच्या आकड्यावरून ते कधीच कळलं नसतं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी सोपी आहे खरी, पण लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर ती आकडा चढवून दाखवू शकते, आणि आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका किती आहेत हे सांगायला नको.

थोरली ‘ए’ प्रकारातली. या चार प्रकारांत ‘ए’ आणि ‘बी’मध्ये इन्सुलिनचा बहिरेपणा, पोटाची चरबी आणि मधुमेहाचा धोका सर्वांत जास्त दिसतो. ‘सी’ मध्ये कुठेतरी पडतो. ‘डी’ बऱ्याच अभ्यासांत निरोगी स्त्रियांच्या जवळपास उतरतो.

धाकटी ‘डी’ आहे. तिची पाळी ४५-५० दिवसांनी येते. चेहऱ्यावर केस नाहीत, मुरमं नाहीत, मान स्वच्छ. उंची १५८, वजन ५२, कंबर ७२. उपाशीपोटी साखर ८८, दोन तासांनी ११२. एकाच आईच्या पोटच्या दोघी. आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांचा या आजारात मोठा वाटा आहे, पण ते एक जनुक नाही. अनेक छोटी जनुकं थोडी थोडी ओढतात. काही इन्सुलिनच्या बाजूने, काही बीजांडकोशाला हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या ग्रंथीच्या बाजूने. बहिणींच्या वाट्याला त्यांतली वेगवेगळी येतात, आणि वर वजन, वय, झोप, खाणं यांची भर. म्हणून थोरलीला दिलेली साखरेवरची गोळी धाकटीने ‘दोघींना एकच आहे’ म्हणून घेऊ नये.

धाकटीच्या बाबतीत एक सापळा होता. पाळी लांबलेली आणि पुटिका पुष्कळ हे दृश्य अगदी उलट्या कारणानेही दिसतं. मुलगी खूप कमी खात असेल, भरपूर धावत असेल, परीक्षेच्या ताणात सात-आठ किलो उतरली असेल, तर मेंदू बीजांडकोशाला हुकूम देणंच थांबवतो. तिच्याही सोनोग्राफीत पुटिका दिसू शकतात आणि तिच्याही कागदावर तोच शब्द उमटतो. मग तिला वजन कमी करायला सांगितलं जातं आणि पाळी पूर्ण बंद होते. हाडंही झिजायला लागतात. फरक ओळखता येतो. अशा मुलीचे मेंदूतून येणारे हार्मोन खाली गेलेले असतात, गर्भाशयाचं अस्तर पातळ असतं, इस्ट्रोजेन कमी असतं. धाकटीचं अस्तर चांगलं जाड होतं, वजन पाच वर्षं तेच होतं, हार्मोन खाली नव्हते. म्हणून ती खरोखर ‘डी’. वजन उतरवण्याचा सल्ला तिला लागू नव्हताच.

पण तिचा एक धोका थोरलीइतकाच आहे. बीज फुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि इस्ट्रोजेन मात्र अस्तर वाढवत राहतं. महिनोन् महिने न झडलेलं अस्तर पुढे बिघडू शकतं. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग या आजारात जास्त दिसतो, जरी तरुण वयात तो एकंदरीत विरळाच. म्हणून पाळीला तीन महिन्यांहून जास्त खंड पडू देऊ नये. धाकटीला तेवढ्यासाठी औषध आहे, आणि मूल हवं असेल तेव्हा बीज फुटायचं वेगळं. पुढे तिचं वजन दहा किलोंनी वाढलं तर केस आणि इन्सुलिन दोन्ही डोकं वर काढू शकतात. प्रकाराचं अक्षर जन्मभराचं नसतं. आज ‘डी’ असलेली उद्या ‘ए’ होऊ शकते, आणि चाळिशीकडे जाताना अनेकींची पाळी आपोआप नियमित होते, पण साखरेचा धोका तेव्हा वाढतच असतो.

राहिली मामेबहीण. तिला पाळी चौदाव्या वर्षी आली, म्हणजे दोनच वर्षं झालीत. पाळी ४० दिवसांनी येते. पहिल्या वर्षी अनियमितपणा धरायचाच नाही. पुढची दोन वर्षं ४५ दिवसांपर्यंतचं अंतर चालतं, आणि तीन वर्षांनंतर ३५ दिवसांची रेघ लागते. म्हणजे तिची पाळी आजच्या वयाला ठीक आहे. या वयात बीजांडकोश मोठे आणि पुटिकांनी भरलेले असणंही स्वाभाविक. जागतिक मार्गदर्शक तत्त्वं, ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या हेलेना टीड यांच्या नेतृत्वाखाली २०१८मध्ये झाली आणि २०२३मध्ये सुधारली. त्यांत स्पष्ट सांगितलंय की पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत निदानासाठी सोनोग्राफी करू नये. प्रौढ स्त्रीतही पाळी लांबते आणि पुरुषी हार्मोनची खूण आहे, असे दोन्ही असेल तर सोनोग्राफीची गरज नाही. २००३मध्ये एका बीजांडकोशात १२ पुटिका पुरे होत्या, यंत्रं सुधारली तशी ती संख्या २० करावी लागली. त्यात आपल्याकडे अविवाहित मुलींची सोनोग्राफी भरल्या लघवीच्या पिशवीवरून पोटावरूनच होते, तिथे पुटिका मोजणं कठीण. बहुतेक वेळा आकारावरून अंदाज लिहिला जातो.

सोळा वर्षांच्या मुलीला हा शब्द चिकटला की तो सहज सुटत नाही. ‘हिला मूल होईल का’ ही कुजबुज लग्नाच्या बैठकीपर्यंत पोहोचते, आणि मुलगी दहावीपासून स्वतःला आजारी समजते. ही इजा खरी आहे. तिच्या कागदावरचा तो शब्द खोडायला हवा. तिला केस, मुरमं, लांबलेली पाळी यांतलं काही नाही. पुढे पाळी नव्वद दिवस लांबली किंवा हनुवटीवर दाट केस आले, तर तेव्हा पाहावं.

थोरलीचं काय झालं, तर तिने चालणं वाढवलं, रात्रीचं जेवण लवकर आणलं, डॉक्टरांनी मेटफॉर्मिन दिलं आणि पाळीसाठी वेगळं औषध. वजन फार उतरलं नाही, कंबर चार सेंटिमीटरने आली. तिची दोन तासांची साखर दर वर्षी तपासावी लागेल, गरोदरपणात तर सुरुवातीलाच. धाकटीची तीन वर्षांतून एकदा पुरेल.

तुमच्या हातात असा कागद असेल तर डॉक्टरांकडे जाताना गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा लिहून न्या, महिनाभर थ्रेडिंग केलं नाही तर उत्तम, केलं असेल तर ते सांगा. आणि उपाशीपोटीच्या साखरेवर न थांबता ग्लुकोज पिऊन दोन तासांनी होणारी तपासणी मागून घ्या.